न थांबणारे जुलाब : क्रिप्टोस्पोरिडियम आणि खचलेली प्रतिकारशक्ती

क्रिप्टोस्पोरिडियम हा आतड्याच्या अस्तरावर वाढणारा एकपेशीय परजीवी आहे. धडधाकट माणसाच्या पोटात तो गेला, तर आठवडा-दोन आठवडे पाण्यासारखे जुलाब होतात, पोटात कळा येतात, भूक जाते आणि मग आजार आपोआप ओसरतो. पुष्कळदा नेमके काय झाले होते हे कुणाला कळतही नाही. मात्र ज्याची प्रतिकारशक्ती खचली आहे, त्याच्या आतड्यातून हा पाहुणा हलत नाही. एचआयव्हीचा संसर्ग पुढच्या टप्प्याला पोचलेले रुग्ण, मूत्रपिंड बसवलेले रुग्ण, रक्ताच्या कर्करोगासाठी केमोथेरपी घेणारे रुग्ण यांच्यात जुलाब महिनोन्‌महिने चालू राहतात. गंभीर रुग्णाच्या शरीरातून दिवसाला कित्येक लिटर पाणी निघून जाते. चोवीस तासांत तीन किंवा अधिक वेळा पातळ शौचाला होणे म्हणजे जुलाब. तेच चार आठवड्यांपलीकडे लांबले की वैद्यकशास्त्र त्यांना दीर्घकालीन म्हणते. एचआयव्हीच्या रुग्णात कारण न सापडणारे जुलाब महिनाभर टिकले, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात तो आजाराचा तिसरा टप्पा ठरतो. त्यामागे क्रिप्टोस्पोरिडियम असल्याचे सिद्ध झाले, तर तोच चौथा, म्हणजे शेवटचा टप्पा होतो.

अमेरिकी शास्त्रज्ञ अर्नेस्ट टायझर यांनी १९०७ मध्ये उंदराच्या जठरात हा जीव प्रथम पाहिला. त्यानंतर कित्येक दशके तो फक्त पशुवैद्यकांच्या, त्यातही वासरांच्या हगवणीवर काम करणाऱ्यांच्या परिचयाचा राहिला. माणसातील पहिल्या रुग्णांची नोंद १९७६ मध्ये झाली. एड्सची साथ सुरू झाल्यावर चित्र बदलले. १९८२ च्या अखेरीस अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने एड्स आणि या परजीवीचे जुलाब एकत्र असलेल्या २१ पुरुषांची माहिती प्रसिद्ध केली. कोणत्याही औषधाला दाद न देणारे जुलाब ही एड्सची एक ओळखच झाली.

हा परजीवी इतका चिवट का, याचे उत्तर त्याच्या जीवनचक्रात आहे. तो शरीराबाहेर ऊसिस्टच्या रूपात राहतो. ऊसिस्ट म्हणजे जाड कवचाची गोल कुपी. तिचा व्यास ४ ते ६ मायक्रॉन, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशीपेक्षाही थोडा कमी. दूषित पाण्यातून किंवा हातांवाटे ती पोटात गेली की लहान आतड्यात उघडते आणि तिच्यातून चार सूक्ष्म जीव बाहेर पडतात. ते आतड्याच्या पेशींना चिकटतात आणि पेशीच्या बाह्य पटलाखाली स्वतःसाठी एक कप्पा तयार करतात. जागा मोठी चमत्कारिक आहे: पेशीच्या पटलाच्या आत, पण पेशीतील मुख्य द्रवाच्या बाहेर. रक्तातून येणारे औषध आणि आतड्यातून जाणारे औषध, दोन्ही तिथे पुरेशा प्रमाणात पोचणे अवघड जाते. औषधे फसण्याचे हे एक कारण मानले जाते.

या कप्प्यात परजीवीची संख्या वाढते आणि शेवटी नवे ऊसिस्ट तयार होतात. त्यातले बहुतेक जाड कवचाचे असतात आणि शौचावाटे बाहेर पडतात. काही मात्र पातळ कवचाचे असतात. ते आतड्यातच फुटतात आणि त्याच माणसाला नव्याने संसर्ग करतात. म्हणजे बाहेरून पुन्हा एक थेंबही दूषित पाणी पोटात गेले नाही, तरी रोगाचे चक्र आतल्या आत फिरत राहते. निरोगी माणसात हे चक्र सीडी४ नावाच्या पांढऱ्या पेशी थांबवतात. एचआयव्ही नेमक्या याच पेशी मारतो. रक्ताच्या एका घनमिलिमीटरमध्ये सीडी४ पेशी सुमारे १८० च्या वर असतील, तर जुलाब बहुधा आपोआप थांबतात. त्या १०० च्या खाली गेल्या की आजार रेंगाळण्याचा धोका सर्वांत जास्त असतो.

परजीवी आतड्याच्या भिंतीत खोल शिरत नाही, म्हणून शौचात रक्त नसते आणि ताप आलाच तर किरकोळ असतो. पण आतड्यातली अन्न शोषणारी बोटांसारखी सूक्ष्म टोके खुरटतात. खाल्लेले अंगी लागत नाही, उलट आतड्याकडूनच पाणी आणि क्षार बाहेर टाकले जातात. खंगणे आणि कोरडे पडणे, असे दुहेरी नुकसान होते. काही रुग्णांत परजीवी पित्तनलिकेतही शिरतो. मग उजव्या बरगडीखाली दुखते, यकृताच्या तपासणीत अल्कलाइन फॉस्फेटेज हा घटक खूप वाढलेला दिसतो आणि सोनोग्राफीत पित्तनलिका फुगलेली आढळते.

हा जीव पाण्यातून इतका पसरतो, त्याचे कारण क्लोरीनला तो जुमानत नाही. याचा सर्वांत मोठा दाखला १९९३ मध्ये अमेरिकेतल्या मिल्वॉकी शहराने दिला. या शहराला मिशिगन सरोवराचे पाणी मिळते. मार्चच्या अखेरीस दोनपैकी दक्षिणेकडच्या जलशुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा गढूळपणा वाढला. पाण्यात क्लोरीन होते आणि त्या वेळचे नियमही पाळले जात होते. गाळण मात्र नीट होत नव्हती. दोन आठवड्यांत दुकानांतली जुलाबाची औषधे संपली, शाळा आणि कार्यालयांत गैरहजेरी वाढली. ७ एप्रिलला पाणी उकळून पिण्याचा आदेश निघाला आणि दोन दिवसांनी ते केंद्र बंद करण्यात आले. आजारी पडलेल्यांचा अंदाज ४ लाख ३ हजार इतका आहे. त्यातले बहुतेक बरे झाले. पुढच्या दोन वर्षांत शहरात या आजाराने जे मृत्यू झाले, त्यांतले बहुसंख्य एड्सचे रुग्ण होते. पाणी सर्वांनी एकच प्यायले होते.

प्रयोगशाळेतला हिशेबही हेच सांगतो. कॉलऱ्याचे जंतू किंवा आतड्यातले नेहमीचे जिवाणू अल्पशा क्लोरीनने काही मिनिटांत मरतात. क्रिप्टोस्पोरिडियमचे ऊसिस्ट लिटरला १ मिलिग्रॅम क्लोरीन असलेल्या पाण्यात दहाएक दिवस तग धरू शकतात. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीच्या विहिरीत टीसीएल पावडर टाकतात आणि ओटी टेस्टने पाण्यात क्लोरीन उरले आहे की नाही ते पाहतात. कॉलरा, विषमज्वर आणि कावीळ रोखण्यासाठी ही व्यवस्था अत्यावश्यकच आहे. पण ओटी टेस्टमध्ये आलेला पिवळा रंग या परजीवीबद्दल काहीही सांगत नाही. तुरटी फिरवलेले पाणी नुसते स्वच्छ दिसते, आणि मेडिक्लोरचे थेंबही इथे पुरत नाहीत. उकळणे मात्र पुरते: पाण्याला खळखळून उकळी आली आणि ती एक मिनिट टिकली की ऊसिस्ट मरतात.

असे असले तरी प्रतिकारशक्ती दुबळी असलेल्या माणसाला जुलाब लागले म्हणजे क्रिप्टोस्पोरिडियमच, असे गृहीत धरणे धोक्याचे आहे. कारण त्याच्यासारखेच जुलाब देणारा, पण साध्या गोळीने बरा होणारा एक भाऊबंद आहे. त्याचे नाव सिस्टोआयसोस्पोरा बेली. जुन्या पुस्तकांत तो आयसोस्पोरा म्हणून येतो. उष्ण प्रदेशांत, भारतातही, एचआयव्हीच्या रुग्णांत तो वारंवार सापडतो. लक्षणे पाहून दोघांना वेगळे करणे जवळजवळ अशक्य असते: तेच पाण्यासारखे जुलाब, तेच झरझर घटणारे वजन. फरक उपचारात आहे. सिस्टोआयसोस्पोराला कोट्रायमॉक्साझोल हे जुने, स्वस्त औषध पुरे पडते. योग्य मात्रेत ते सात ते दहा दिवस दिले की बहुतेक रुग्णांचे जुलाब पहिल्या काही दिवसांतच आटोक्यात येतात. क्रिप्टोस्पोरिडियमवर याच औषधाचा काडीचाही उपयोग होत नाही. सायक्लोस्पोरा हा तिसरा नातलगही कोट्रायमॉक्साझोलला दाद देतो.

मायक्रोस्पोरिडिया हा आणखी एक गट. हे जीव बुरशीच्या कुळाजवळचे आणि आकाराने फारच छोटे. त्यांचे बीजाणू साधारण १ ते २ मायक्रॉनचे, म्हणजे जिवाणूंएवढे असतात. त्यातल्या एन्सेफॅलिटोझून या जातीवर अल्बेंडाझोल चालते. एन्टरोसायटोझून बिएन्युसी ही जास्त आढळणारी जात मात्र त्याला फारशी बधत नाही. तिथे पुन्हा सारी भिस्त प्रतिकारशक्ती परत येण्यावरच राहते. जिआर्डिया आणि अमिबा हे आपल्याकडचे जुने परिचित तर कुणालाही गाठतात, म्हणून तेही तपासावेच लागतात.

हे परजीवी मुख्यतः लहान आतड्याचे. तिथल्या जुलाबात शौचाचे प्रमाण मोठे असते, ते पाण्यासारखे असते, बेंबीभोवती कळा येतात आणि वजन घटते. मोठ्या आतड्याचा आजार वेगळा दिसतो: थोडे थोडे पण पुन्हा पुन्हा जावे लागते, कुंथावे लागते, आव किंवा रक्त पडते आणि ताप येतो. सीडी४ पेशी ५० च्या खाली असलेल्या रुग्णात असे चित्र दिसले, तर सायटोमेगॅलोव्हायरस या विषाणूचा विचार करावा लागतो. त्याने मोठ्या आतड्यात खोल व्रण पडतात, प्रसंगी आतडे फुटतेही. निदानासाठी दुर्बिणीतून व्रणाचा तुकडा काढून तपासतात आणि गॅन्सिक्लोव्हिर हे औषध शिरेतून देतात. रोज संध्याकाळी ताप, रात्री घाम, उजव्या बाजूला खाली ओटीपोटात गोळा किंवा दुखणे असेल, तर भारतात पहिला संशय आतड्याच्या क्षयरोगाचा. परदेशी पाठ्यपुस्तके याच जागी क्षयाच्या जंतूचा एक दूरचा नातलग वर ठेवतात. आपल्याकडे क्षयच आधी शोधणे शहाणपणाचे ठरते.

कधी कधी जंतूचा दोष नसतोच. एचआयव्हीच्या दुसऱ्या फळीच्या उपचारातील लोपिनाविर-रिटोनाविर या गोळ्यांनी जुलाब होतात. मूत्रपिंड बसवलेल्यांना दिले जाणारे मायकोफेनोलेटही त्यासाठी कुप्रसिद्ध आहे. वारंवार अँटिबायोटिक घेतल्याने क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जिवाणूचे फावते. म्हणून जुलाब सुरू झाले त्याच्या आसपास कोणते औषध सुरू केले किंवा वाढवले, हा प्रश्न कोणत्याही तपासणीच्या आधी विचारायचा असतो.

निदानात सर्वांत जास्त घोटाळा होतो तो शौचाच्या तपासणीत. पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत होणारी नेहमीची स्टूल टेस्ट म्हणजे काचपट्टीवर नमुना पसरून सूक्ष्मदर्शकातून पाहणे. या पद्धतीत अमिबा, जिआर्डिया आणि जंतांची अंडी दिसतात. क्रिप्टोस्पोरिडियमचे ऊसिस्ट यीस्टच्या पेशींसारखे भासतात आणि सहज निसटतात. त्यांच्यासाठी क्षयाच्या जंतूंकरिता वापरतात त्याच धर्तीचे, थोडे बदललेले ॲसिड-फास्ट रंजन करावे लागते. त्यात ऊसिस्ट हिरव्या किंवा निळ्या पार्श्वभूमीवर गुलाबी-लाल उठून दिसतात. पण हे रंजन मागितल्याशिवाय सहसा केले जात नाही. चिठ्ठीवर नुसते ‘स्टूल रुटीन’ लिहिले असेल, तर ‘परजीवी आढळले नाहीत’ या शेऱ्याला या आजारापुरता काही अर्थ उरत नाही.

रंजन केल्यावर निकाल ठरतो तो आकारावर. ४ ते ६ मायक्रॉनचा गोल म्हणजे क्रिप्टोस्पोरिडियम. ८ ते १० मायक्रॉनचा, काही ठिकाणी रंग न घेतलेला गोल म्हणजे सायक्लोस्पोरा. २५ ते ३० मायक्रॉन लांबीचा, दोन्ही टोकांना निमुळता होत गेलेला लांबोळा म्हणजे सिस्टोआयसोस्पोरा. मायक्रोस्पोरिडिया या रंजनात हाती लागत नाहीत. त्यांना ट्रायक्रोम नावाचे निराळे रंजन लागते. ऊसिस्ट रोज सारख्या संख्येने पडत नाहीत, म्हणून वेगवेगळ्या दिवशी तीन नमुने द्यावेत असे सांगतात. मोठ्या रुग्णालयांत आता प्रतिजन किंवा पीसीआर तपासणीही होते. ती जास्त संवेदनशील असते, पण तिथेही कोणत्या जंतूंसाठी तपासले आहे हे पाहावेच लागते. एवढे करूनही काही सापडले नाही आणि जुलाब चालूच राहिले, तर दुर्बिणीने आतड्याचा तुकडा घेतात.

हे सगळे एकत्र कसे येते, ते एका उदाहरणातून पाहता येईल. रुग्ण कल्पित आहे, पण त्याची वाटचाल अनेक एआरटी केंद्रांत ओळखीची वाटेल अशी आहे. कापड दुकानात काम करणारा ३८ वर्षांचा पुरुष. एचआयव्हीची औषधे चालू होती, पण बरे वाटू लागल्यावर त्याने दोन वर्षांपूर्वी ती सोडली. आता सात आठवडे दिवसातून आठ-दहा वेळा पाण्यासारखे जुलाब होत आहेत. रक्त नाही, ताप नाही. वजन ५६ किलोवरून ४४ वर आले आहे. मधल्या काळात नॉरफ्लॉक्सासिन आणि टिनिडाझोलच्या गोळ्यांचे तीन कोर्स झाले. दर वेळी दोन दिवस बरे वाटले आणि पुन्हा तेच.

तपासणीत सीडी४ पेशी ३१. रक्तातले पोटॅशियम २.६, म्हणजे धोक्याच्या पातळीला उतरलेले. पाय उचलवत नाहीत ते त्यामुळे. क्रिएटिनिन १.९. इथे घाईने मूत्रपिंड बिघडले असा निष्कर्ष काढायचा नसतो, कारण शरीर कोरडे पडले की हा आकडा वाढतोच. दोन दिवस सलाईन, शिरेतून पोटॅशियम आणि तोंडाने ओआरएस दिल्यावर तो १.० वर येतो. शौचाच्या पहिल्या नमुन्यात काही नाही. दुसऱ्यात, विशेष रंजनानंतर, ५ मायक्रॉनचे गुलाबी गोल दिसतात. अल्कलाइन फॉस्फेटेज सामान्य आहे, म्हणजे पित्तनलिका तूर्त वाचलेली दिसते.

आता मुख्य उपचार म्हणजे एचआयव्हीविरोधी औषधे, म्हणजेच एआरटी, लवकरात लवकर पुन्हा सुरू करणे. त्याआधी क्षयाची तपासणी आणि क्रिप्टोकॉकस या बुरशीसाठी रक्ताची चाचणी करून घेतात. मेंदूच्या आवरणात क्षय किंवा ही बुरशी दडलेली असेल, तर एआरटी काही आठवडे थांबवून सुरू करणे सुरक्षित असते. या रुग्णात दोन्ही नाहीत. टेनोफोविर, लॅमिवुडिन आणि डोलुटेग्राविर यांची एकत्रित गोळी रोज एक, अशी सुरुवात होते. क्रिएटिनिन खाली येण्याची वाट पाहिली होती ती यातल्या टेनोफोविरसाठी, कारण ते मूत्रपिंडाला जाच करू शकते. सीडी४ इतक्या खाली असल्याने न्यूमोनिया आणि इतर संसर्ग टाळण्यासाठी कोट्रायमॉक्साझोलही रोज दिले जाते. रक्त आणि ताप नसल्यामुळे लोपेरामाइड देऊन शौचाच्या खेपा कमी करता येतात. रक्त पडत असते तर ते देणे धोक्याचे ठरले असते.

नायटाझॉक्सानाइड हे क्रिप्टोस्पोरिडियमवरचे मान्यताप्राप्त औषध. अमेरिकेत लहान मुलांसाठी त्याला २००२ मध्ये मान्यता मिळाली. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या झांबियातल्या चाचणीने त्याची मर्यादा दाखवून दिली: एचआयव्ही नसलेल्या कुपोषित मुलांना फायदा झाला, एचआयव्ही असलेल्या मुलांना झाला नाही. म्हणजे हे औषध प्रतिकारशक्तीच्या जोडीने काम करते, तिच्या जागी नव्हे. एआरटीच्या बरोबरीने दोन आठवडे ते देऊन पाहतात. एआरटीऐवजी देण्यात हशील नाही.

या रुग्णाचे जुलाब पहिल्या दोन आठवड्यांत फारसे बदलत नाहीत. हाच काळ अवघड. औषध लागू पडत नाही असे वाटून रुग्ण पुन्हा गोळ्या सोडतो किंवा दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊन चौथा अँटिबायोटिक घेतो. आतड्याला पेशी परत मिळायला वेळ लागतो, तोवर पाणी, क्षार आणि थोडे थोडे अन्न यांवर त्याला तगवायचे असते. चौथ्या आठवड्यापासून खेपा निम्म्यावर येतात, दुसऱ्या महिन्याच्या अखेरीस शौच बांधून होऊ लागते. तीन महिन्यांनी वजन ५१ किलो आणि सीडी४ ११८. जुलाब असेच हटले नसते, तर व्हायरल लोड पाहून गोळ्या नियमित घेतल्या जात आहेत का, विषाणू औषधाला सरावला आहे का आणि दुसरा एखादा परजीवी सोबतीला आहे का, हे तपासावे लागले असते. एकाच रुग्णात दोन कारणे सापडणे मुळीच दुर्मीळ नाही.

मूत्रपिंड बसवलेल्या रुग्णात सूत्र तेच, पण हत्यार निराळे. तिथे प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम दाबलेली असते, म्हणून ती औषधे जपून कमी करणे हाच उपचाराचा गाभा ठरतो. त्यात एक छुपा धोका आहे. जुलाबात आतडे टॅक्रोलिमस हे औषध नेहमीपेक्षा जास्त प्रमाणात रक्तात जाऊ देते. रोजचीच मात्रा घेऊनही त्याची रक्तातली पातळी चढते आणि बसवलेल्या मूत्रपिंडालाच इजा होते. म्हणून अशा रुग्णाने जुलाब अंगावर काढू नयेत आणि ही पातळी मोजून घ्यावी.

क्रिप्टोस्पोरिडियमचे ऊसिस्ट शौचातून बाहेर पडतानाच संसर्गक्षम असतात. सिस्टोआयसोस्पोराच्या ऊसिस्टला पक्व व्हायला बाहेर एक-दोन दिवस लागतात, याला तेवढाही वेळ नको. त्यामुळे रुग्णाची सेवा करणारा माणूस थेट धोक्यात असतो. हात साबण आणि वाहत्या पाण्याने धुवावे लागतात, सॅनिटायझर इथे निरुपयोगी. गोठ्यात काम करणाऱ्या रुग्णाने हगवण लागलेल्या वासरापासून दूर राहावे. घरातला फिल्टर १ मायक्रॉन किंवा त्याहून बारीक छिद्रांचा असेल तरच भरवशाचा. नुसत्या अतिनील किरणांच्या यंत्राचा दिवा जुना झाला किंवा पाणी गढूळ असले, की त्याची खात्री उरत नाही. जुलाब थांबल्यानंतरही काही आठवडे ऊसिस्ट पडत राहू शकतात, म्हणून बरे वाटू लागल्यावरही निदान दोन आठवडे पोहण्याच्या तलावात उतरायचे नसते.